मशीन म्हणतं ‘फ्लॉपी फॉरमॅट करा’: साडेतीन इंची फ्लॉपी वाचत नसेल तर काय तपासायचं

लोक माझ्याकडे फ्लॉपी घेऊन येतात तेव्हा त्यांचं निदान आधीच झालेलं असतं: “खराब झाली आहे.” निम्म्या वेळा फ्लॉपी बऱ्यापैकी धड असते आणि दोष दुसरीकडेच सापडतो. तो नेमका कुठे आहे हे क्रमाने कसं शोधायचं, ते इथे लिहितोय. सगळं 1.44 एमबीच्या साडेतीन इंची फ्लॉपीबद्दल आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्या सर्वाधिक त्याच असतात. झिप डिस्क आणि टेप कार्ट्रिजबद्दल शेवटी थोडं आहे, कारण तिथे एक नियम बरोब्बर उलटा लागू होतो.

लक्षणं

पुढच्यापैकी तुमचं कोणतं आहे ते आधी पाहा.

पहिलं म्हणजे फ्लॉपी घातल्यावर `You need to format the disk in drive A: before you can use it.` असा निरोप येतो. याला कधीही हो म्हणू नका. दुसरं, फाइलींची यादी व्यवस्थित दिसते पण एखादी फाइल कॉपी करताना मध्येच `Data error (cyclic redundancy check)` येऊन सगळं थांबतं. तिसरं, पहिली फ्लॉपी छान वाचली जाते, दुसरी अडखळते आणि तिसरीपासून एकही चालत नाही, अगदी पहिली परत घातली तरी. चौथं, एकाच ड्राइव्हमध्ये एक विशिष्ट फ्लॉपी चालत नाही, बाकीच्या चालतात. पाचवं, ड्राइव्हमधून किंचाळल्यासारखा, खरवडल्याचा आवाज येतो.

पाचवं लक्षण असेल तर आत्ता लगेच फ्लॉपी बाहेर काढा आणि थेट ‘कुठे थांबायचं’ या भागावर जा. हार्ड डिस्कमध्ये वाचणारं हेड हवेवर तरंगतं, पण फ्लॉपीत ते चकतीला दोन्ही बाजूंनी चक्क टेकलेलं असतं. आवाज येतोय याचा अर्थ काहीतरी घासलं जातंय, आणि जे घासलं जातंय त्याच थरात तुमचा डेटा आहे.

ड्राइव्हमध्ये घालण्याआधी

फ्लॉपीच्या कोपऱ्यातली छोटी सरकपट्टी अशी सरकवा की भोक उघडं राहील. भोक उघडं म्हणजे लिहिणं बंद. ही खबरदारी फक्त चुकून फॉरमॅट होऊ नये म्हणून नाही. विंडोज 95 आणि त्यानंतरच्या काही आवृत्त्या नुसती फ्लॉपी उघडून पाहिली तरी तिच्या पहिल्या सेक्टरमध्ये, म्हणजे 512 बाइटच्या पहिल्या तुकड्यात, स्वतःची खूण लिहून ठेवतात. तीस वर्षं ज्या फ्लॉपीवर कुणी काही लिहिलं नाही, तिच्यावर आज एका शंकास्पद ड्राइव्हने काहीही लिहायला नको.

मग फ्लॉपी उलटी करा. मध्ये धातूचा गोल हब दिसेल. बोटाने तो हळूच फिरवा. चकती थोडा विरोध करत पण सलग फिरली पाहिजे. ती चिकटून बसली असेल, किंवा हब फिरतो पण चकती फिरत नाही असं दिसलं, तर ती ड्राइव्हमध्ये घालू नका. हब चकतीला डिंकाने चिकटवलेला असतो आणि तो डिंक जुना झाला की सुटतो.

शेवटी शटर बाजूला सरकवून चकतीचा दिसणारा भाग उजेडात तिरका धरा आणि हब फिरवत पूर्ण एक फेरी पाहा. पृष्ठभाग गडद, एकसारखा आणि चकचकीत हवा. पांढुरके ठिपके किंवा जाळी म्हणजे बुरशी. चकतीवर वर्तुळाकार रेघ असेल तर तिथून कधीतरी हेड घासून गेलंय. त्या रेघेतून उजेड आरपार दिसला तर तिथला चुंबकीय थर निघून गेलेला आहे आणि त्या ट्रॅकचा, म्हणजे चकतीवरच्या त्या वर्तुळाचा, नाद सोडायचा. शटर वाकलेलं असेल तर ते सरळ करत बसू नका, काढून टाका. वाकलेलं शटर आत अडकलं की फ्लॉपी बाहेर काढताना हेडच उपटून येतं.

फ्लॉपी थंड किंवा दमट जागेतून आणली असेल तर खोलीत काही तास तशीच पडू द्या.

दोष कुणाचा, फ्लॉपीचा की ड्राइव्हचा?

यासाठी एक चाचणीची फ्लॉपी हवी: नीट वाचली जाते याची खात्री असलेली आणि जिच्यावर काहीही महत्त्वाचं नाही अशी. सोनीने 2011 मध्ये फ्लॉपी विकणं बंद केलं, त्यामुळे ‘नवी’ म्हणून मिळणारी फ्लॉपीही जुनीच असते. चार-पाच तपासून त्यातली सगळ्यात चांगली बाजूला ठेवा.

माझा नियम असा की परक्या फ्लॉपीआधी आणि नंतर चाचणीची फ्लॉपी पूर्ण वाचायची. आधी चालली आणि नंतर चालली नाही, तर मधल्या फ्लॉपीने हेड घाण केलं हे सिद्ध झालं. वर लिहिलेलं तिसरं लक्षण हेच आहे. लोकांना वाटतं एकामागून एक फ्लॉप्या खराब निघाल्या. प्रत्यक्षात दुसऱ्या फ्लॉपीचा थर सुटून हेडवर बसलेला असतो आणि पुढच्या सगळ्या फ्लॉप्या त्या घाणीवरून वाचल्या जातात. तेच हेड घेऊन तुम्ही दहावी फ्लॉपी घातलीत तर तिच्यावर ओरखडेही पडू शकतात.

फ्लॉपी वेगळ्याच जातीची तर नाही?

चाचणीची फ्लॉपी चालते आणि समोरची धड दिसूनही अजिबात वाचली जात नाही, तेव्हा हा प्रश्न विचारायचा. यूएसबी ड्राइव्ह पीसीची 1.44 एमबी आणि बहुधा 720 केबी एवढ्याच फॉरमॅटची भाषा समजतात. अमिगा संगणकाच्या 880 केबीच्या किंवा जुन्या मॅकच्या 400 आणि 800 केबीच्या फ्लॉप्या दिसायला तशाच असतात, पण यूएसबी ड्राइव्हला त्या कधीच कळणार नाहीत. त्यात ना फ्लॉपीचा दोष ना ड्राइव्हचा.

आणखी एक गंमत आहे. 1.44 एमबीच्या फ्लॉपीला सरकपट्टीच्या समोरच्या कोपऱ्यात दुसरं एक भोक असतं. ते पाहून ड्राइव्ह ठरवतो की फ्लॉपी दाट लिहिलेली आहे. पूर्वी काही लोकांनी असल्या फ्लॉप्या 720 केबीच्या मशीनवर वापरल्या, कारण ती मशीन भोक तपासतच नसत. आजचा ड्राइव्ह भोक पाहून 1.44 समजतो, 720 चा मजकूर त्याला कळत नाही आणि तो म्हणतो फॉरमॅट करा. त्या भोकावर अपारदर्शक चिकटपट्टी लावून फ्लॉपी परत घाला. दोन मिनिटांचं काम आहे आणि ते करून पाहिल्याने काहीही बिघडत नाही.

फाइली कॉपी करू नका, आधी इमेज काढा

इथपर्यंत काही हाती लागलं नसेल तर आता लिनक्स लागेल. फाइल मॅनेजरमधून एकेक फाइल कॉपी करण्याचा हट्ट सोडा. त्यात हेड वारंवार फाइल टेबलाकडे जातं, परत येतं, वाईट जागेवर पुन्हा पुन्हा आपटतं, आणि कुठे काय चुकलं याची नोंद कुठेच राहत नाही. त्याऐवजी पूर्ण फ्लॉपीची सेक्टरवार प्रत घ्यायची. आधी `lsblk` चालवून 1.4M दिसणारं उपकरण कोणतं ते पक्कं करा. ते `/dev/sdb` आहे असं धरून:

```
ddrescue -d -n -b 512 -c 18 /dev/sdb f03.img f03.map
```

क्रमाकडे नीट लक्ष द्या, आधी फ्लॉपी, मग इमेज. `-c 18` मुळे एका वेळी एका ट्रॅकएवढेच सेक्टर मागितले जातात. `-n` मुळे पहिल्या फेरीत सहज मिळेल तेवढंच उचललं जातं आणि अवघड जागा खरवडत बसणं टळतं. इमेज बरोबर 1474560 बाइटची व्हायला हवी: 80 ट्रॅक, 2 बाजू, दर बाजूच्या ट्रॅकवर 18 सेक्टर, दर सेक्टर 512 बाइट.

पण खरं सोनं तिसऱ्या फाइलीत असतं, `f03.map` मध्ये. कोणता तुकडा मिळाला आणि कोणता नाही, याचा तो नकाशा. या नकाशातल्या खराब जागांचा आकार पाहूनच दोष कुठे आहे ते कळतं. बहुतेक जण ही फाइल उघडूनसुद्धा पाहत नाहीत, म्हणून एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवतो.

एक नकाशा वाचून पाहू

एका निवृत्त प्राध्यापकांच्या सात फ्लॉप्या होत्या, प्रबंधाची प्रकरणं असलेल्या. तिसऱ्या फ्लॉपीची यादी दिसत होती, पण प्रकरण उघडलं की सीआरसीची चूक. पहिल्या फेरीनंतरचा नकाशा असा होता. मूळ फाइलीत खराब पट्ट्याच्या कडा `-` आणि मधला न खरवडलेला भाग `/` अशा खुणांनी येतो, वाचायला सोपं जावं म्हणून मी ते एकत्र करून `-` लिहिलंय:

```
0x00000000  0x0005C400  +
0x0005C400  0x00002400  -
0x0005E800  0x00002400  +
0x00060C00  0x00002400  -
0x00063000  0x00002400  +
```

आणि असंच शेवटपर्यंत, एक पट्टा चांगला, एक वाईट. पहिला आकडा जागा, दुसरा लांबी. 0x2400 म्हणजे 9216 बाइट, आणि 18 गुणिले 512 हेही 9216. म्हणजे प्रत्येक पट्टा हा चकतीच्या एका बाजूचा बरोबर एक ट्रॅक. इमेजमध्ये आधी खालच्या बाजूचा ट्रॅक येतो, मग त्याच जागेचा वरच्या बाजूचा. 0x5C400 ला 0x4800 ने, म्हणजे दोन्ही बाजूंच्या मिळून होणाऱ्या 18432 बाइटने भागलं तर उत्तर येतं वीस आणि वर अर्धा. शून्यापासून मोजायचं, म्हणून ट्रॅक क्रमांक 20, वरची बाजू. तिथून पुढे वरची बाजू कुठेच वाचली गेली नाही, खालची मात्र सगळी वाचली गेली.

चकतीवर असा दोष असूच शकत नाही. कुठलाही डाग किंवा ओरखडा इतका शिस्तशीर नसतो. विसाव्या ट्रॅकपर्यंत येता येता वरच्या हेडवर काहीतरी बसलं, एवढाच याचा अर्थ. ड्राइव्ह उघडला तर वरच्या हेडच्या फटीवर तपकिरी पुसट पट्टी होतीच. हेड पुसलं, चाचणीची फ्लॉपी वाचून खात्री केली आणि तोच नकाशा देऊन दुसरी फेरी चालवली:

```
ddrescue -d -r2 -b 512 /dev/sdb f03.img f03.map
```

नकाशा असल्यामुळे राहिलेलेच तुकडे वाचले गेले. मध्ये दोनदा थांबून हेड पुन्हा पुसावं लागलं, कारण ती फ्लॉपी थर सोडतच होती. शेवटी चार सेक्टर सोडून सगळं आलं.

दुसरा आकार वेगळा असतो: एखाद-दोन सेक्टर खराब, मग 0x4800 अंतरावर परत तेवढेच खराब, असं पाच-सात वेळा आणि मग सगळं स्वच्छ. लागोपाठच्या ट्रॅकवर, एकाच बाजूला, त्याच कोनात. हा चकतीवरचा ठिपका. शटर सरकवून त्या बाजूला शोधलात तर बहुधा डोळ्यांना दिसेल. हा दोष फ्लॉपीचा आहे, हेड कितीही पुसलं तरी जाणार नाही.

तिसरा आकार म्हणजे दोन्ही बाजूंना सगळीकडे विखुरलेल्या चुका, किंवा आतल्या ट्रॅककडे वाढत जाणाऱ्या. शून्य क्रमांकाचा ट्रॅक चकतीच्या बाहेरच्या कडेला असतो आणि 79 क्रमांकाचा आत. आतलं वर्तुळ लहान, पण सेक्टर तेवढेच, म्हणून तिथे मजकूर दाटीवाटीने बसलेला असतो आणि आधी तोच दगा देतो. अशा वेळी मला संशय येतो की फ्लॉपी लिहिणाऱ्या ड्राइव्हचं हेड थोडं सरकलेलं होतं. चौथं लक्षण बहुतेकदा हेच. उपाय दुसरा ड्राइव्ह. तोच नकाशा, तीच इमेज, फक्त ड्राइव्ह बदलून आज्ञा परत चालवायची. तीन साधे ड्राइव्ह एका उत्तम ड्राइव्हपेक्षा जास्त सेक्टर काढतात, हा माझा अनुभव आहे.

आणि आता ते पहिलं लक्षण, ‘फॉरमॅट करा’. कित्येकदा नकाशात खराब निघतो तो फक्त पहिला सेक्टर, 2880 पैकी एक! फ्लॉपीचा आराखडा त्या सेक्टरमध्ये लिहिलेला असतो. तो गेला की विंडोजला बाकीचे 2879 दिसत असून काही कळत नाही. नेहमीच्या डॉसच्या 1.44 फ्लॉप्यांचा आराखडा सारखाच असतो, म्हणून दुसऱ्या चांगल्या फ्लॉपीच्या इमेजमधून तेवढा सेक्टर उसना घेता येतो. मूळ इमेज बाजूला ठेवून तिच्या प्रतीवर हे करा:

```
cp f05.img f05-copy.img
dd if=good.img of=f05-copy.img bs=512 count=1 conv=notrunc
mdir -i f05-copy.img ::
```

शेवटच्या आज्ञेला फाइलींची यादी आली की काम झालं.

हेड पुसताना

सफाईची फ्लॉपी मिळत असेल तर आधी ती वापरा: आतल्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन-तीन थेंब, काही सेकंद फिरवणं, आणि मग सुकायला पाच मिनिटं. कोरडी फिरवू नका. त्याने भागलं नाही तर ड्राइव्हचं झाकण काढावं लागतं. वायर आधी काढा. 99 टक्के अल्कोहोल घ्या, कमी टक्क्यांच्या बाटलीत पाणी जास्त असतं. कापसाच्या काडीचे तंतू हेडच्या टोकाला अडकतात, म्हणून स्पंजची काडी चांगली.

वरचं हेड पातळ पत्र्यासारख्या स्प्रिंगवर बसवलेलं असतं. काडी आत जाईल एवढंच, दोन-तीन मिलिमीटर, ते उचला. बोटाने वर ताणलं तर स्प्रिंग वाकते, हेड चकतीवर सपाट बसत नाही आणि तो ड्राइव्ह कायमचा गेला. मी असे दोन घालवले आहेत. आतले कुठलेही स्क्रू, विशेषतः हेड पुढे-मागे नेणाऱ्या मोटरचे, सैल करू नका. फॅक्टरीत केलेली ती जुळणी घरी परत बसत नाही.

शेवटचा घरगुती उपाय

यूएसबी ड्राइव्ह तुम्हाला फक्त ‘सेक्टर वाचला’ किंवा ‘नाही वाचला’ एवढंच सांगतो. ग्रीझवीझल नावाचं छोटं बोर्ड जुन्या पद्धतीच्या, 34 पिनांच्या केबलच्या ड्राइव्हला जोडलं की चकतीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे नोंदता येतात आणि अर्थ नंतर लावता येतो. अमिगाच्या फ्लॉप्याही यानेच निघतात.

```
gw read --revs=5 f03.scp
gw convert --format=ibm.1440 f03.scp f03-flux.img
```

`--revs=5` म्हणजे दर ट्रॅकच्या पाच फेऱ्या. कमजोर सेक्टर चार फेऱ्यांत चुकतो आणि पाचव्या फेरीत बरोबर येतो, असं नेहमी घडतं. प्राध्यापकांच्या उरलेल्या चारपैकी तीन सेक्टर असेच मिळाले. चौथा रिकाम्या जागेत होता.

कुठे थांबायचं

किंचाळण्याचा आवाज आला, एका फेरीतच हेड तपकिरी झालं, चकतीवर बुरशी दिसली, हब सुटला, चकती आत चिकटली किंवा फ्लॉपी पाण्यात भिजलेली आहे, आणि त्यातला मजकूर दुसरीकडे कुठेच नाही: इथे थांबा. या फ्लॉप्या आधी साफ कराव्या लागतात, बहुतेकदा चकती आवरणातून काढून दुसऱ्या आवरणात घालून. व्यावसायिकाला तेच नीट जमतं. प्रत्येक नवा प्रयत्न त्याच्यासाठी उरलेला थर कमी करतो. एखादी बिनमहत्त्वाची बुरशीची फ्लॉपी असेल तर तिच्यावर हात साफ करून पाहा, पण तिच्यासाठी टाकाऊ ड्राइव्ह वापरा.

काम देताना दोन गोष्टी विचारा. ते चुंबकीय नोंद घेतात का, की साध्या ड्राइव्हमध्येच घालून पाहतात? आणि ती कच्ची नोंद तुम्हाला मिळेल का? दुसऱ्याला नकार आला तर मी दुसरीकडे जातो.

कार्ट्रिजचं उलटं गणित

फ्लॉपीला मी ‘दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहा’ म्हटलं. झिप डिस्कला हे चुकूनही करू नका. झिप ड्राइव्हमधून ठराविक लयीत टकटक येत असेल तर हेड निखळलेलं असू शकतं, आणि असं हेड चकतीची कड फाडतं. ती फाटकी चकती दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली की त्याचंही हेड जातं, मग तो ड्राइव्ह पुढच्या चांगल्या डिस्क फाडतो. टकटक ऐकलीत तर डिस्क आणि ड्राइव्ह दोन्ही बाजूला ठेवा, बाकी डिस्क त्यांच्या जवळही नेऊ नका.

टेपच्या कार्ट्रिजमध्ये, ज्यांना क्यूआयसी म्हणतात, आत एक ताणाचा पट्टा टेपची रिळं फिरवतो. जुना पट्टा सैल होतो किंवा तुटतो आणि टेप आतल्या आत गोळा होते. शिवाय ड्राइव्हमधला रबरी रोलर काळाने डांबरासारखा चिकट होतो. म्हणून कार्ट्रिज घालण्याआधी ड्राइव्हचं दार उघडून रोलरला काडी टेकवून पाहा. काडी चिकटली तर कार्ट्रिज आत जाता कामा नये.